सेल्फी काढली, आधार जोडलं, तरी ‘ओळख पटली नाही’: अकाउंट परत मिळवताना व्हेरिफिकेशन कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

कराडला एसटी स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पीक विमा, शिष्यवृत्ती, रेल्वेचं तिकीट, सगळं चालतं. गेल्या काही वर्षांत एक नवीन गिऱ्हाईक वाढलंय. अकाउंट लॉक झालेलं किंवा हॅक झालेलं, जुना नंबर बंद, ईमेलचा पासवर्ड आठवत नाही, आणि कंपनी म्हणते की सेल्फी आणि ओळखपत्र द्या. दिलं की नापास. पुन्हा दिलं, पुन्हा नापास. माझ्याकडे येईपर्यंत माणसाने घरी सात-आठ वेळा करून पाहिलेलं असतं आणि ‘यांचा सर्व्हरच खराब आहे’ असं निदानही केलेलं असतं.

सर्व्हर क्वचितच खराब असतो. तिथे तीन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात: अकाउंटवर नोंदलेली माहिती, कागदावरची माहिती आणि कॅमेऱ्यासमोरचा चेहरा. तिन्हींपैकी कुठलीही जोडी जुळली नाही तरी स्क्रीनवर वाक्य मात्र एकच येतं. त्यामुळे लोक जिथे बिघाड नाही तिथे दुरुस्ती करत बसतात. चेहरा जुळतोय, नाव जुळत नाही, आणि ताई मात्र पावडर लावून पुन्हा सेल्फी काढतायत, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

आधी लक्षण बघा: नापास व्हायला किती वेळ लागला?

मी आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारतो. नेमकं उत्तर मेसेजमध्ये नसतं, वेळेत असतं.

सबमिट करण्याआधीच किंवा दोन-चार सेकंदांत नकार आला, ‘चेहरा दिसत नाही’ किंवा ‘कागदपत्र वाचता येत नाही’ असं काही आलं, तर दोष फोटोत आहे. उजेड, लेन्स, चकाकी, फिल्टर यांत कुठेतरी.

काहीच निकाल न येता स्क्रीन गोल फिरून पुन्हा पहिल्या पानावर येते, किंवा कॅमेरा काळाच राहतो, तर दोष ॲपमध्ये, ब्राउझरमध्ये किंवा परवानगीत आहे.

फोटो घेतला, ‘मिळालं’ असं आलं आणि पाच-दहा मिनिटांत किंवा तासाभरात नकार आला, तर बहुतेक वेळा नाव किंवा जन्मतारीख जुळलेली नाही. फोटो वाचता आला म्हणूनच तर तुलना झाली.

आणि एक-दोन दिवसांनी मेल येऊन नकार आला, तर प्रकरण बहुधा माणसाच्या हाताखालून गेलंय. तिथे नुसता फोटो सुधारून काही होत नाही.

हा ठोकताळा आहे, कंपनीचा नियम नाही. पण दहात आठ वेळा बरोबर रस्ता दाखवतो.

सगळ्यात स्वस्त उपाय: थांबा

आज तीनदा नापास झालं असेल तर चौथ्यांदा करू नका. लागोपाठ प्रयत्न केले की यंत्रणेला वाटतं की चोर वेगवेगळे फोटो लावून बघतोय, आणि मग चांगला फोटोही काही काळ घेतला जात नाही. स्क्रीनवर किती वेळ थांबायचं ते लिहिलं असेल तर तेवढं थांबा. नसेल तर मी सरळ एक पूर्ण दिवस जाऊ देतो.

थांबलेल्या वेळात एक खात्री करा. तुम्ही ज्या पानावर आधार टाकताय ते कंपनीचंच आहे ना? लिंक कुणी व्हॉट्सॲपवर किंवा मेसेजमध्ये पाठवली असेल तर ती बंद करा आणि मूळ ॲप उघडून ‘पासवर्ड विसरलात?’ तिथूनच आत जा. एका काकांनी सेल्फी आणि आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो अशाच एका खोट्या पानावर दिले होते. त्यांचं व्हेरिफिकेशन ‘नापास’ होत नव्हतंच, चोराला हवं ते मिळत होतं.

मग चेहरा, कारण त्याला पैसे लागत नाहीत

पुढच्या कॅमेऱ्याची लेन्स सुती कापडाने पुसा. हसू नका, अर्ध्या लोकांच्या लेन्सवर तेलकट बोट असतं. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ब्यूटी’ किंवा चेहरा गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. कित्येक फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो आणि हनुवटी निमुळती, डोळे मोठे करून ठेवतो. तुम्हाला फोटो छान दिसतो, पण यंत्र डोळे, नाक, जबडा यांच्यातली प्रमाणं बघतं.

उजेड समोरून हवा. रात्री ट्यूबलाइटखाली बसलं की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, आणि खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा होतो. सकाळी दहा-अकराला दाराकडे तोंड करून, उन्हात नाही तर सावलीत उभं राहिलं की काम होतं. चष्म्यावर चकाकी येत असेल तर काढून ठेवा. टिकली, कुंकू, डोक्यावरचा पदर यांचा अडथळा होत नाही. कपाळ आणि दोन्ही गाल मोकळे दिसले म्हणजे झालं.

डोकं डावीकडे-उजवीकडे वळवायला सांगतात ते कशासाठी, हे कळलं की चूक होत नाही. समोर जिवंत माणूस आहे की कुणी छापील फोटो धरलाय, हे त्यातून तपासलं जातं. वळताना नाक आणि कान यांचं अंतर बदलतं, सपाट फोटोत ते तसं बदलत नाही. म्हणून मान सावकाश वळवायची, फोन स्थिर आणि डोळ्यांच्या उंचीवर. म्हातारी माणसं फोन पोटाशी धरतात, मग कॅमेऱ्याला दिसतात फक्त नाकपुड्या आणि छत. त्यांचा फोन दुसऱ्याने धरावा, पण मागे दुसरा चेहरा येऊ देऊ नये. माझ्या दुकानात भिंतीवर देवाचं कॅलेंडर आहे, एकदा त्या चेहऱ्यावरच चौकट जाऊन बसली होती. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला कोऱ्या शटरसमोर उभं करतो.

फोन आणि ॲप

इथे फार वेळ घालवू नका. ॲप अपडेट करा, सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची परवानगी दिली आहे का बघा, व्हीपीएन असेल तर बंद करा, तारीख-वेळ आपोआप वर ठेवा. मेलमधली लिंक दाबल्यावर जे छोटं ब्राउझर मेलच्या आतच उघडतं, त्याला बऱ्याचदा कॅमेरा मिळत नाही. लिंक कॉपी करून फोनच्या मुख्य ब्राउझरमध्ये उघडा. गोल फिरणारी स्क्रीन बहुतेक वेळा एवढ्यावर थांबते.

महत्त्वाचं म्हणजे, शक्य असेल तर ज्या फोनवर आणि घरच्या ज्या वायफायवर ते अकाउंट पूर्वी चालायचं तिथूनच प्रयत्न करा. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा यांनाही वजन असतं. दुकानदार असून सांगतो, माझ्या कॉम्प्युटरवरून करण्यापेक्षा तुमच्या घरून केलेलं जास्त चालतं. मी फक्त तयारी करून देतो.

कागदाचा फोटो

मूळ कार्ड हवं. झेरॉक्स नको, रंगीतही नको. कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो नको, त्यावर लाटांसारख्या रेषा येतात आणि यंत्राला त्या लगेच कळतात. डिजिलॉकरमधलं कागदपत्र सरकारी कामात मुळासारखंच धरलं जातं, पण परदेशी कंपनीच्या यंत्रणेला तो निव्वळ स्क्रीनशॉट दिसतो.

कार्ड गडद, न चमकणाऱ्या पृष्ठभागावर ठेवा. मागच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश बंद ठेवून, बरोबर वरून फोटो घ्या. चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि बाजूला बोटभर जागा सुटली पाहिजे, कारण कोपऱ्यांवरून कार्ड पूर्ण आहे की कापलेलं, हे ठरतं. लॅमिनेशनवर पांढरा पट्टा पडत असेल तर कार्ड तिरकं करू नका, ते घेऊन सावलीत या. फोटो काढल्यावर मोठा करून जन्मतारखेचा प्रत्येक आकडा वाचता येतोय का बघा. तुम्हाला वाचता येत नसेल तर यंत्रालाही येणार नाही.

फोटो दुसऱ्या फोनवर पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात. कापणं, उजळ करणं, कशालाही हात लावू नका. एडिट केलेली फाइल छेडछाड म्हणून बाद होऊ शकते.

त्याच कारणाने आधारच्या नंबरावर काळं मार्कर मारून फोटो देऊ नका. नंबर झाकायचाच असेल तर पहिले आठ आकडे लपवलेलं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या साइटवरून निघतं. पण मी तर म्हणेन, सोशल मीडियाच्या अकाउंटसाठी आधार द्यायचीच गरज नसते. पॅन, लायसन्स, पासपोर्ट यांपैकी काहीही चालत असेल तर ते आधी. यामागे नुसती सावधगिरी नाही. पुढे वाचा.

खरी मेख: नाव आणि तारीख

एक ताई आल्या होत्या, नाव बदलून सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कॉलेजात असताना, २०१३ साली उघडलेलं अकाउंट, नाव Swati Jadhav. फोन चोरीला गेला, जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडून दुसऱ्या कुणाला गेला, आणि अकाउंटमध्ये मुलाच्या बारशापासूनचे फोटो. कंपनीने सेल्फी आणि ओळखपत्र मागितलं. दोन रात्रींत सात वेळा नापास.

त्यांना सुरुवातीला एक नकार लगेच यायचा, तो सेल्फीचा. फिल्टर चालू होता आणि पाठीमागे ट्यूब. दारात उभं केल्यावर तो गेला. मग दुसरा नकार दहा मिनिटांनी यायला लागला. इथे त्या खचल्या, पण खरं तर हीच प्रगती होती: आता यंत्र कागद वाचून तुलना करत होतं.

मी एका कागदावर तीन ओळी लिहिल्या:

```
अकाउंट : Swati Jadhav        14-03-1994
आधार   : Swati Sagar More    14-03-1994
पॅन     : SWATI DILIP JADHAV  14-03-1994
```

लग्नानंतर आधारवर सासरचं नाव लावलेलं. पॅन मात्र कंटाळा करून माहेरच्याच नावाने ठेवलेलं. ‘पॅन तर जुनं आहे, ते कसं चालेल?’ त्या म्हणाल्या. घरात आधारलाच ओळखपत्र मानायची सवय, म्हणून सातही वेळा आधारच दिलेलं. पण कंपनीला तुम्ही आज कोण आहात हे विचारायचं नाही, ते अकाउंट ज्याचं होतं तो माणूस तुम्हीच का, हे विचारायचं आहे. त्यामुळे सगळ्यात नवं कागदपत्र नाही, तर अकाउंटला सगळ्यात जवळचं कागदपत्र द्यायचं.

पॅन दिल्यावरही पहिल्यांदा ‘वाचता येत नाही’ आलं, कारण जुन्या लॅमिनेशनवर चकाकी होती. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या काळ्या रेक्झिनवर ठेवून, शटर अर्धं ओढून फोटो घेतला. तो गेला. दोन दिवसांनी मेल आला आणि अकाउंट उघडलं.

ही तीन ओळींची तुलना प्रत्येकाने करावी. आपल्याकडे नावं अडतात ती ठरलेल्या जागी. आडनाव पुढे की मागे: कागदावर ‘जाधव स्वाती दिलीप’, अकाउंटवर ‘स्वाती जाधव’. नुसता क्रम बदलला असेल तर बहुधा चालून जातं. मधलं नाव जास्तीचं असलं तरीही. पण आडनाव वेगळं असलं की नाही चालत. स्पेलिंगचं तर विचारू नका. ज्ञानेश्वरचं कुठे Dnyaneshwar, कुठे Gyaneshwar, आणि एका लायसन्सवर Dyaneshwar. माणसाला हे एकच नाव दिसतं, यंत्राला तीन. अकाउंटवर नाव ‘राजे पाटील फॅन’ छापाचं असेल तर कुठलाही कागद जुळणार नाही. तिथे नावाचा मार्ग सोडून ईमेल, जुना नंबर आणि सेल्फी यांवरच भिस्त.

तारखेचं आपलं वेगळंच दुखणं: १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना वयाची अट बसावी म्हणून ज्यांची तारीख १ जून लावली, अशी माणसं महाराष्ट्रात गावोगावी आहेत. दाखल्यावर १ जून, म्हणून आधारवर, पॅनवर १ जून. पण अकाउंट उघडताना वाढदिवसाच्या शुभेच्छा याव्यात म्हणून खरी तारीख टाकलेली. आता नाव जुळतं, चेहरा जुळतो, तारीख नाही. अशा वेळी फॉर्ममध्ये खुलासा लिहायला चौकट असेल तर दोन साध्या वाक्यांत लिहा की कागदावरची तारीख शाळेच्या दाखल्यावरून आलेली आहे, अकाउंटवरची खरी आहे. हे वाक्य माणूस वाचेल तेव्हाच उपयोगी पडतं, त्यामुळे यात वेळ जातो. उलट, काही जुन्या आधारवर नुसतं जन्मवर्षच छापलेलं असतं. तिथे पूर्ण तारीख असलेलं दुसरं कार्ड द्या.

चेहराच जुळत नाही तेव्हा

चेहरा कशाशी ताडला जातो हे आधी बघा. ओळखपत्र मागितलं असेल तर त्यावरच्या फोटोशी. पण इन्स्टाग्रामवर व्हिडिओ सेल्फीचा मार्ग अकाउंटवर तुमचे स्वतःचे फोटो असतील तरच उपयोगाचा. अकाउंटवर नुसते पापड, कुरडया आणि मसाल्यांचे फोटो असतील तर जुळवायला चेहराच नाही. अशा अकाउंटसाठी ते सुरुवातीला दिलेला ईमेल किंवा नंबर आणि तेव्हा वापरलेल्या यंत्राचा प्रकार विचारतात. तेव्हा कुठला फोन होता हे आठवत नसेल तर जुनं बिल शोधा, सेल्फी काढत बसू नका.

ओळखपत्रावरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, पुसट, आणि मधे आजारपणात वजन उतरलं किंवा दाढी वाढली, तर दुसरं कार्ड शोधा. ज्यावरचा फोटो सगळ्यात अलीकडचा ते घ्या, मात्र नावाची अट आधी. आधारवरचा फोटो बदलायचा असेल तर तो घरबसल्या बदलत नाही, आधार केंद्रावर जाऊनच काढावा लागतो आणि नोंद व्हायला दिवस जातात. एका अकाउंटसाठी हा खटाटोप करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण बँकेची, पेन्शनची कामंही त्याच फोटोवर अडत असतील तर करून टाका.

इथे थांबा आणि योग्य माणसाकडे जा

वरचं सगळं करून, प्रत्येक प्रयत्नात काहीतरी बदलून, तीन वेळा नापास झालं तर हे घरचं काम राहिलेलं नाही. मीही तिथे हात वर करतो.

कुठल्याच कागदावर अकाउंटचं नाव नसेल आणि नावातला बदल खरा असेल, तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हाताशी ठेवून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांना भारतात असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता त्यांच्या साइटवर द्यावा लागतो. लिहिताना प्रत्येक प्रयत्नाची तारीख आणि आलेला मेसेज जोडा. त्यांचं उत्तर पटलं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. त्यासाठी वकील लागत नाही.

अकाउंट कुणी हॅक करून नाव, फोटो बदलले असतील तर तुमचं ओळखपत्र त्या नव्या नावाशी जुळणारच नाही. कंपनीच्या ‘अकाउंट हॅक झालं’ या वेगळ्या मार्गाने जा. त्या अकाउंटवरून कुणाकडे पैसे मागितले असतील किंवा तुमचे पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, मग cybercrime.gov.in वर तक्रार, मग बाकी सगळं. पैशाच्या बाबतीत तास मोजायचे असतात. बँकेचं किंवा यूपीआयचं खातं अडलं असेल तर ॲपशी झटापट नको, मूळ कागद घेऊन शाखेत जा. अर्धांगवायू झालेला माणूस मान वळवू शकत नाही, डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्याचा एक डोळा झाकलेला असतो. तिथेही यंत्राला दहा वेळा समजावण्यात अर्थ नाही, माणसाशी बोलता येईल तो मार्ग धरा.

आणि दोन हजार रुपयांत ‘आतल्या माणसाकडून’ अकाउंट काढून देतो म्हणणारा, किंवा पॅनवर नाव एडिट करून देतो म्हणणारा भेटला तर उठून या. पहिला तुमचे पैसे आणि आधार दोन्ही नेतो. दुसरा तुमच्या हातात खोटं सरकारी कागदपत्र देतो, आणि त्यावर फोटो तुमचाच असतो.